पाहुणा गेला, पथारी राहिली

सांगलीतल्या एका सीए कार्यालयातून गेल्या उन्हाळ्यात फोन आला. निरोप एका वाक्याचा होता: जुना हिशेबाचा सर्व्हर आता लागत नाही, तो काढून टाका. सरांच्या मते काम अर्ध्या तासाचं होतं. खोटं कशाला बोलू, मीही मनात तेवढाच वेळ धरून गेलो होतो.

हा सर्व्हर म्हणजे टेबलाखाली घुमणारा डबा नव्हता. कार्यालयात खरं यंत्र एकच होतं, आणि त्याच्या पोटात तीन खोटी यंत्रं चालत होती. अशा यंत्राला इंग्रजीत व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आमच्या धंद्यात सगळे नुसतं ‘व्हीएम’ किंवा ‘गेस्ट’ म्हणतात. गेस्ट म्हणजे पाहुणा, आणि त्याला घरात ठेवणारं खरं यंत्र म्हणजे होस्ट, यजमान. गेस्टला वाटतं की आपल्याला स्वतःची हार्डडिस्क आहे. ती हार्डडिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. इथला यजमान लिनक्सवर चालणारा होता, केव्हीएम आणि लिबव्हर्ट वापरणारा. गेस्ट विंडोजचा होता, त्याचं नाव `hisab`. त्याच्यात दीडशेएक अशिलांची खाती, पॅन क्रमांक, बँकेचे उतारे आणि पगारपत्रकं होती.

सरांनी विचारलं, “डिलीट केलं की गेलं ना?”

फाइल काढली की तिची नोंद जाते, मजकूर जात नाही, एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. फाइल व्यवस्था फक्त ‘ही जागा आता मोकळी आहे’ असं लिहून ठेवते; त्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुने आकडे तसेच पडून राहतात. गेस्टच्या बाबतीत हा नियम लागू आहेच, पण खरी पंचाईत वेगळीच आहे. गेस्टची डिस्क ही एक फाइल असते हे अर्धसत्य आहे. वापरात आल्यावर वर्षभरातच ती एक फाइल राहत नाही.

पुढे काही करण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. पहिली, रात्रीचा बॅकअप `hisab` पुरता बंद केला. हे विसरलं तर दिवसभर पुसापुशी करायची आणि रात्री दोन वाजता वेळापत्रकाने इमानेइतबारे नवी प्रत काढायची, असा खेळ होतो. दुसरी गोष्ट म्हणजे सरांना बसवून यादी केली की यातलं काय ठेवायलाच हवं. कंपन्यांची हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्याप्रमाणे किमान आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. तेवढा मजकूर गेस्टमधून बाहेर काढून, कुलूपबंद करून वेगळ्या डिस्कवर ठेवला आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. मगच पुसायची परवानगी लेखी घेतली.

त्यानंतर एक खूण ठरवली. सगळं झाल्यावर यजमानाची डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचायची आणि त्यात गेस्टमधला मजकूर सापडतो का ते पाहायचं, हा या कामातला सगळ्यात प्रामाणिक पुरावा. त्यासाठी गेस्टमध्ये पहिल्या दिवसापासून असलेला, जागोजाग आलेला आणि बाहेर कुठेही नसलेला शब्द लागतो. गेस्टचं नाव चालत नाही, कारण ते यजमानाच्या नोंदींमध्येही असतं. मी विंडोजच्या आत त्या यंत्राला दिलेलं नाव घेतलं. ते रजिस्ट्रीत आणि घटनांच्या नोंदवहीत शेकडो वेळा येतं. इथे एक खाच आहे. विंडोज अशी नावं बहुतेक ठिकाणी प्रत्येक अक्षराला दोन बाइट देऊन लिहितं, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या मध्ये एकेक शून्य बाइट येतो. साधा शोध घेतला तर काहीच सापडत नाही आणि माणूस समाधानाने घरी जातो. म्हणून शोध दोन्ही रूपांत घ्यावा लागतो:

```
dd if=/dev/md1 bs=4M | strings -a -e l | grep -F -f /dev/shm/khun
dd if=/dev/md1 bs=4M | strings -a | grep -F -f /dev/shm/khun
```

`-e l` म्हणजे दोन बाइटांची अक्षरं शोध. `/dev/md1` ही त्या यजमानाची गेस्ट ठेवायची जागा: दोन टेराबाइटच्या दोन फिरत्या हार्डडिस्क, एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवर. शोधायचा शब्द मी `/dev/shm` मधल्या फाइलमध्ये ठेवला. ती जागा रॅममध्ये असते, डिस्कवर नाही. नाहीतर आपण लिहिलेली खूणच आपल्याला सापडते. पुसण्याआधी हा शोध एकदा चालवून पाहिला. सेकंदाला सव्वाशे मेगाबाइटच्या आसपास वाचन होत होतं, म्हणजे एका फेरीला साडेचार तास. पडद्यावर ओळींमागून ओळी आल्या. खूण काम करत होती. ज्या शोधाला आधी काही सापडलेलं नाही, त्याच शोधाला नंतर काही सापडलं नाही म्हणून खूश होण्यात अर्थ नसतो.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी असाच गेस्ट काढला होता, तोही एकाच आज्ञेने. लिबव्हर्टमध्ये तशी सोय आहे: `virsh undefine` ला `--remove-all-storage` आणि `--wipe-storage` जोडा, म्हणजे गेस्टची नोंद जाते, डिस्क पुसली जाते आणि फाइलही काढली जाते. पडद्यावर पुसल्याचा संदेश आला, मी बिल दिलं. आठ महिन्यांनी तिथली डिस्क भरत आली म्हणून पाहायला गेलो, तर त्या गेस्टची मूळ फाइल जागच्या जागी, शाबूत. ‘सगळा साठा’ या शब्दांवर मी विश्वास ठेवला होता. त्या आज्ञेला सगळा साठा म्हणजे गेस्टच्या नोंदीत आज जी डिस्क लिहिलेली आहे ती. तिच्याखाली काय आहे, ते ती पाहत नाही.

खाली काय असतं ते स्नॅपशॉट कसा निघतो यावरून कळतं. एखादं मोठं अपडेट करायच्या आधी माणूस स्नॅपशॉट घेतो, बिघडलं तर परत यायला जागा असावी म्हणून. लिबव्हर्टमध्ये याचे दोन प्रकार आहेत. एकात जुनी अवस्था त्याच फाइलच्या पोटात ठेवली जाते. दुसऱ्यात मूळ फाइल गोठवून टाकतात आणि तिच्यावर एक नवी, कोरी फाइल पसरतात. त्या क्षणापासून सगळं नवं लिखाण वरच्या फाइलमध्ये जातं, आणि जे बदललेलं नाही ते खालच्या फाइलमधून वाचलं जातं. जणू लिहिलेल्या पाटीवर काच ठेवली आणि पुढचं काचेवर लिहिलं. वरून पाहणाऱ्याला एकच मजकूर दिसतो. गेस्टच्या नोंदीत मात्र फक्त वरच्या काचेचं नाव असतं. ती काच फोडली तरी पाटी खाली तशीच असते.

सांगलीत मी आधी ही चळत मोजली:

```
virsh domblklist hisab
qemu-img info -U --backing-chain /var/lib/libvirt/images/hisab.before-gst
```

पहिल्या आज्ञेने सांगितलं की गेस्टची डिस्क आहे `hisab.before-gst`. हे नाव नीट पाहा. शेवटी `.qcow2` नाही. बाहेरचा स्नॅपशॉट घेताना आपण फाइलचं नाव दिलं नाही तर लिबव्हर्ट मूळ नावाची शेपटी काढून तिथे स्नॅपशॉटचं नाव चिकटवतो. मग पुढे कोणी `*.qcow2` शोधून फाइली गोळा केल्या की अशा फाइली हमखास निसटतात. दुसऱ्या आज्ञेने पूर्ण चळत दाखवली: वर १८ जीबीची ती काच, खाली ६२ जीबीची मूळ `hisab.qcow2`. फोल्डरमध्ये आणखी एक `hisab.update2` पडली होती. ती कोणाच्याच चळतीत नव्हती. कधीतरी कोणीतरी स्नॅपशॉट मूळ फाइलमध्ये विलीन केला होता. विलीन करताना वरचा मजकूर खाली उतरतो, पण वरची फाइल आपोआप जाईलच असं नाही. बिचारी अनाथ होऊन बसून राहते, पोटात सहा महिन्यांच्या पगारपत्रकांसह.

एवढं झाल्यावर कोणीही पुसायला हात घालेल. पण त्याआधी उलट प्रश्न विचारावा लागतो: या फाइलींवर दुसरं कोणी बसलेलं आहे का? फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर `qemu-img info -U` चालवलं. (`-U` नसेल तर चालू असलेल्या गेस्टच्या फाइली ‘वापरात आहे’ म्हणून दाद देत नाहीत.) तेव्हा कळलं की `chachani` नावाचा चाचणीचा गेस्टसुद्धा `hisab.qcow2` च्याच पाटीवर काच ठेवून चालत होता. नवीन सॉफ्टवेअर खऱ्या माहितीवर तपासता यावं म्हणून कोणीतरी तो झटपट बनवला होता. मी ती मूळ फाइल पुसली असती तर `chachani` त्याच क्षणी मेला असता, कारण त्याचं निम्म्याहून जास्त विंडोज त्या फाइलमध्येच होतं.

यावर पुस्तकी उपाय आहे: `qemu-img rebase -b ""` वापरून `chachani` ला स्वतंत्र करायचं. गेस्ट बंद ठेवून ही आज्ञा चालवली की खालच्या पाटीवरचं सगळं काचेवर उतरवून घेतलं जातं आणि मग पाटीची गरज उरत नाही. सोपं आहे, आणि या कामात नेमकं चुकीचं आहे. कारण ‘सगळं’ म्हणजे सगळंच: दीडशे अशिलांची खाती, आणि विंडोजमध्ये कधीच डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेषसुद्धा. आपण एक गेस्ट पुसणार आणि त्याआधी त्याची पूर्ण नक्कल दुसऱ्या नावाने करून ठेवणार. सरांशी बोललो. `chachani` तीन महिने कोणी उघडलाच नव्हता. तोही त्याच यादीत गेला. चाचणीसाठी कोरं विंडोज टाकून नवा गेस्ट बनवला, खोट्या नावांची खाती घालून.

मग पुसायला सुरुवात केली. लिबव्हर्टची स्वतःची `vol-wipe` आज्ञा मी मुद्दाम वापरली नाही, आणि कारण कळल्यावर वाचकालाही गंमत वाटेल. गेस्टच्या डिस्कफाइली बऱ्याचदा ‘पोकळ’ असतात, म्हणजे नावावर १२० जीबी पण प्रत्यक्षात ६२ जीबीच जागा घेतलेली. अशी पोकळ फाइल दिसली आणि शून्यं भरायची नेहमीची पद्धत असली, की लिबव्हर्ट तिच्यावर शून्यं लिहीत बसत नाही. ती फाइल कापून शून्य लांबीची करतो आणि पुन्हा ताणून मूळ लांबीची करतो. फाइल वाचायला गेलात तर शून्यंच मिळतात, काम क्षणात होतं. पण जुने ब्लॉक न पुसताच मोकळे झालेले असतात. वही जाळायची होती, आपण फक्त तिची पानं फाडून अंगणात टाकली.

त्यामुळे साधं `shred`:

```
virsh destroy hisab
shred -v -n 1 -u /var/lib/libvirt/images/hisab.qcow2
```

`virsh destroy` हे नाव भयानक असलं तरी त्याने काही नष्ट होत नाही, फक्त वीज ओढल्यासारखा गेस्ट बंद होतो. `shred` हे फाइलच्या जागेवरच यादृच्छिक आकडे लिहितं, आणि `-u` मुळे शेवटी नाव बदलून फाइल काढतं. हेच बाकीच्या फाइलींना केलं. `-n 1` म्हणजे एकच फेरी. न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधात ३५ फेऱ्यांचा उल्लेख आहे, आणि आजही लोक श्रद्धेने पस्तीस फेऱ्या चालवतात. त्या फेऱ्या त्या काळातल्या निरनिराळ्या लेखनपद्धतींच्या डिस्कांसाठी होत्या. आताच्या डिस्कवर सगळ्या ३५ मारण्यात अर्थ नाही हे पुढे खुद्द गुटमन यांनीच लिहिलं. अमेरिकेच्या मानक संस्थेची, एनआयएसटीची, २०१४ ची मार्गदर्शिका फिरत्या डिस्कसाठी एकदा लिहिणं सहसा पुरेसं मानते. ६२ जीबीला एक फेरी म्हणजे नऊएक मिनिटं. पस्तीस म्हणजे पाच तास, आणि सुरक्षेत भर काही नाही.

गेस्टची लिबव्हर्टमधली नोंद शेवटी काढली. स्नॅपशॉट असलेला गेस्ट लिबव्हर्ट काढू देत नाही, तो `--snapshots-metadata` मागतो. हे जोडलं की काम होतं, आणि पुष्कळांना वाटतं स्नॅपशॉट गेले. गेली ती वहीतली स्नॅपशॉटची नोंद. स्नॅपशॉटच्या फाइली आपण आधीच शोधून पुसलेल्या असल्या तरच पुसलेल्या.

संध्याकाळी शोध लावून घरी गेलो. सकाळी पडद्यावर अजून काही डझन ओळी होत्या.

चिडलो, पण आश्चर्य वाटलं नाही. विंडोजमध्ये एखादी फाइल डिलीट झाली की गेस्ट यजमानाला कळवू शकतो की ही जागा आता मला नको. यजमान मग डिस्कफाइलमध्ये तिथे भोक पाडतो आणि जागा परत घेतो. जागा वाचते म्हणून ही सोय चांगलीच. पण परत घेतलेली जागा पुसलेली नसते. ती फाइलचा भाग राहिलेली नसते, म्हणून `shred` तिला हातही लावत नाही. गेस्ट सहा वर्षं जगला. त्या काळात त्याने टाकलेले असे तुकडे यजमानाच्या मोकळ्या जागेत विखुरलेले होते.

म्हणून मोकळी जागाच भरून काढायची: एक फाइल उघडायची, डिस्क गच्च होईपर्यंत तिच्यात लिहीत राहायचं, मग ती काढून टाकायची. हे रूट म्हणूनच करावं लागतं. एक्स्ट-फोर फाइल व्यवस्था पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते; साध्या वापरकर्त्याला ती मिळत नाही आणि दोन टेराबाइटवर तेवढ्यात शंभर जीबी मजकूर लपून राहतो. आणि हे चालू असताना बाकीचे गेस्ट बंद असावे लागतात. डिस्क भरली की चालू गेस्टना लिहायला जागा मिळत नाही आणि ते जागच्या जागी थांबतात. त्यांचं नुकसान होत नाही, जागा मिळाली की पुन्हा चालू करता येतात, पण सोमवारी सकाळी कार्यालयातल्या बारा पडद्यांवर एकदम सगळं गोठलं तर ते समजावून सांगायला फार धीर लागतो. मी रविवार निवडला. १.१ टेराबाइट मोकळी जागा भरायला अडीच तास लागले.

त्यानंतरच्या शोधात गेस्ट ठेवायच्या डिस्कवर एकही ओळ आली नाही. यजमानाच्या दुसऱ्या डिस्कवरही तोच शोध चालवला, आणि तिथे मिळालेल्या ओळींतली एक मी स्वतःच होतो: आदल्या दिवशी मी एकदा शोधशब्द थेट आज्ञेत टाइप केला होता आणि तो शेलच्या इतिहासात जाऊन बसला होता. बाकीच्या ओळी मात्र गंभीर होत्या.

ही दुसरी डिस्क एसएसडी होती, यजमानाची स्वतःची. तिच्यावर गेस्टची डिस्कफाइल कधीच नव्हती. पण वीज जाण्याच्या दिवसांत यूपीएस यजमान बंद करायचा तेव्हा गेस्ट झोपवला जायचा, म्हणजे त्याची पूर्ण रॅम, ८ जीबी, `/var/lib/libvirt/qemu/save` मध्ये फाइल म्हणून लिहिली जायची. सकाळी गेस्ट जागा झाला की ती फाइल साधी डिलीट व्हायची. आणि रॅम म्हणजे उघडलेली खाती, चालू लॉगिन, कुलूप काढलेले पासवर्ड. यजमानाच्या स्वॅपमध्येही अशी रॅमची पानं असू शकतात.

एसएसडीवर `shred` मारून उपयोग नसतो. एसएसडीला जुन्या जागी लिहिता येत नाही. आतला नियंत्रक नवा मजकूर भलत्याच पेशींत लिहितो आणि जुन्या पेशी सवडीने पुसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिपा थेट वाचून हे तपासलं होतं. एकेक फाइल पुसण्याच्या सगळ्या पद्धती तिथे नापास झाल्या. फाइलीचा ४ ते ७५ टक्के मजकूर पेशींमध्ये उरला होता. मी इथे स्वॅप बंद करून नव्याने बनवला, ‘या जागा आता नकोत’ असं एसएसडीला सांगणारं `fstrim` चालवलं. शोध पुन्हा घेतल्यावर माझ्या इतिहासाची ओळ सोडून काही मिळालं नाही, तीही मग काढली. पण याचा अर्थ एवढाच की नेहमीच्या वाटेने वाचणाऱ्याला काही मिळणार नाही. पेशींत काय आहे ते माझ्या शोधाला दिसत नाही. संपूर्ण एसएसडी आतून पुसायची आज्ञा असते, पण ती अख्ख्या डिस्कला लागते, चालू यजमानाला नाही. म्हणून डिस्कवर मार्करने लिहून ठेवलं: विकायची नाही, बदलून द्यायची नाही, काढताना पूर्ण पुसायची.

नवे गेस्ट मी तिथे कुलूपबंद डिस्कवरच उभे केले. लक्स पद्धतीत मजकूर किल्लीशिवाय वाचता येत नाही आणि किल्ल्या डिस्कच्या सुरुवातीच्या काही मेगाबाइटांत असतात. `cryptsetup luksErase` ने त्या मोडल्या की शेकडो जीबी एका क्षणात निरुपयोगी होतात. अट एकच, त्या सुरुवातीच्या भागाची प्रत ‘असू दे’ म्हणून कुणी दुसरीकडे ठेवलेली नसावी. पण हे पहिल्या दिवशी केलं तरच. आधी उघडं लिहिलेलं नंतर कुलूप लावून झाकत नाही.

राहिले बॅकअप. कार्यालयाचा बॅकअप बोर्ग नावाच्या साधनाने एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कपेटीवर जात होता. बोर्ग मजकुराचे तुकडे करतो आणि एकसारखा तुकडा एकदाच ठेवतो. म्हणून रोजच्या प्रती काढून जागा फार लागत नाही. पण त्यामुळे एक प्रत काढली म्हणजे तिचे तुकडे गेले असं होत नाही; दुसऱ्या कोणाला लागणारा तुकडा राहतोच. `chachani` चे बॅकअप ठेवले असते तर `hisab` चे बहुतेक तुकडे त्यांच्या नावावर जिवंत राहिले असते.

```
borg delete --glob-archives 'hisab-*' /mnt/nas/borg
borg delete --glob-archives 'chachani-*' /mnt/nas/borg
borg compact --threshold 0 /mnt/nas/borg
```

तो नमुना लिहायला विसरलात तर तीच आज्ञा पूर्ण भांडार काढायला निघते. सुदैवाने आधी खात्री करून घेते. १.२ आवृत्तीपासून `delete` ने जागा मोकळी होत नाही, त्यासाठी `compact` लागतं. आणि `compact` सुद्धा आपणहून दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा सुटत असेल अशा फाइलींना हात लावत नाही, म्हणून `--threshold 0`. भांडार कुलूपबंद असल्यामुळे माझी खूण तिथे शोधून काही मिळालं नसतं. तिथे `borg list` ची यादी आणि कमी झालेली जागा हाच पुरावा.

मग नॅसच्या पडद्यावर गेलो. जागा कमी झालेलीच नव्हती. नॅस स्वतःही रोज स्नॅपशॉट घेत होता आणि तीस दिवस ठेवत होता, खंडणीखोर व्हायरसवर उपाय म्हणून. आपण आज पुसलेलं त्याच्याकडे कालच्या तारखेला होतं. ते हाताने काढता येतात, पण त्यासोबत इतर सगळ्यांची तीस दिवसांची ढालही जाते. सरांनी नको म्हटलं, मलाही ते पटलं. नोंदवहीत तारीख टाकली.

जायला निघालो तेव्हा कार्यालयातले सगळ्यात जुने कारकून, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते विचारते झाले, “मार्चएंडला दरवर्षी घेतो ती डिस्कपण तुम्हालाच द्यायची का?”

कपाटात चार यूएसबी डिस्क होत्या. वर मार्चची वर्षं लिहिलेली, आत पूर्ण गेस्टच्या कुलूप नसलेल्या प्रती. कुठल्याही वेळापत्रकात नाहीत, कुठल्याही यादीत नाहीत. दोन फिरत्या होत्या, त्या पूर्ण पुसून परत दिल्या. दोन एसएसडीच्या होत्या, त्या फोडल्या. “आणखी कुठे आहे का काका?” असं विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “एक सरांच्या घरी असेल. कोविडमध्ये नेली होती.”

तीही मिळाली, टीव्हीच्या मागे. नॅसचे स्नॅपशॉट तीस दिवसांनी गळून पडले. एकतिसाव्या दिवशी `hisab` च्या पानावर तारीख आणि सही केली.